वार खाली आहे, म्हणून बाळंतपण बांबोळीला

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर ‘वार खाली आहे’ एवढंच ऐकून आईने देव पाण्यात ठेवले आणि बाबांनी पलंगावरून उतरायचं नाही असं फर्मान काढलं. म्हणून रिपोर्टमध्ये काय आहे ते सावकाश लिहिते. बाळंतपण तिकडे सत्तरी तालुक्यात आपल्या घरी राहून करायचं की इथे पणजीजवळ बांबोळीला, हे त्यावरच ठरणार आहे.

विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी बाळाचे अवयव बघायला करतात. बाळ ठीक आहे, त्याच्याबद्दल काहीही शंका नाही. त्याच तपासणीत वार गर्भाशयात कुठे चिकटली आहे तेही बघतात. आधी पोटावरून बघितलं तेव्हा वारेची कड गर्भाशयाच्या तोंडाला टेकल्यासारखी दिसली. पण मी तासभर पाणी पीत बसले होते आणि मूत्राशय तुडुंब भरलं होतं. तसं असलं की गर्भाशयाचा खालचा भाग दाबला जातो आणि वार आहे त्याहून खाली दिसते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला लघवीला पाठवलं आणि मग योनीमार्गातून बारीक प्रोब घालून पुन्हा मोजलं. कड तोंडापासून 12 मिलिमीटरवर निघाली. (आई, त्या तपासणीने रक्तस्राव होत नाही. प्रोब तोंडात शिरत नाही, अलीकडेच थांबतो. आणि पोटावरून घेतलेल्या मापापेक्षा हे माप जास्त भरवशाचं असतं.) हे अंतर 20 मिलिमीटरपेक्षा कमी असलं की वार ‘लो-लाइंग’ म्हणतात. तोंडावरच आली असेल तर ‘प्रिव्हिया’. माझी पहिल्या प्रकारातली आहे.

तू विचारलंस, जिने चढले म्हणून घसरली का? नाही ग. गर्भ जिथे रुजतो तिथेच वार धरते, ती चालण्याने खाली येत नाही आणि पाय वर करून झोपल्याने वर जात नाही. पण अजून चार महिने गर्भाशय वाढणार आहे, आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्याचा खालचा भाग सगळ्यात जास्त ताणला जातो. तू भाकरी थापतेस तेव्हा पिठाला चिकटलेला तीळ आपल्या जागीच असतो, तरी मधल्या बिंदूपासून लांब लांब जातो, तसंच वारेची कड आणि तोंड यांतलं अंतर वाढतं. या महिन्यात वार खाली दिसलेल्या दहातल्या साधारण नऊ जणींची बाळंतपणाच्या वेळेपर्यंत वर गेलेली असते. माझी वार पाठीमागच्या भिंतीवर आहे, ती पुढच्यापेक्षा जरा हळू सरकते म्हणतात. मावशीच्या सुनेचं उदाहरण मात्र मनातून काढून टाक. तिचं आधी सिझर झालं होतं आणि वार पुढच्या बाजूला, त्या जुन्या टाक्यांवरच आली होती. अशा वेळी ती टाक्यांत खोल रुजायची भीती असते, तो प्रकार फार गंभीर. माझं पहिलंच बाळंतपण, गर्भाशयावर टाका नाही.

तर पुढचं असं. बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे गणपतीची चवथ झाल्यावर, पुन्हा आतून मोजणार. अंतर 20 च्या पुढे गेलं असेल तर नेहमीसारखं नॉर्मल बाळंतपण. फक्त तेव्हा रंगीत डॉप्लर लावून एक गोष्ट आवर्जून बघायची असते: वार वर सरकताना बाळाची एखादी उघडी रक्तवाहिनी तोंडावर राहिलेली नाही ना. हे क्वचितच होतं, पण पाण्याची पिशवी फुटताना ती वाहिनी फाटली तर रक्त बाळाचं जातं, म्हणून मी ते वहीत लिहूनच ठेवलंय. अंतर कमीच राहिलं तर छत्तिसाव्या आठवड्यात शेवटचं माप. तेव्हा 11 ते 20 च्या मध्ये असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, शेजारी ऑपरेशन थिएटर तयार ठेवून. 10 किंवा त्याहून कमी असेल तर बहुतेक सिझर. आणि वार तोंडावर आलेली दिसली तर कळांची वाट न बघता छत्तीस-सदतीस आठवड्यांत सिझरची तारीख घ्यायची.

आता माहेरी येण्याचं. सातव्या महिन्यात न्यायला येतो म्हणालात, खोली रंगवूनही झाली असेल, बाबांना ओळखते मी. चवथीला येईन. तोवर रक्त दिसलं नाही तर यायला डॉक्टरांची हरकत नाही. पण बाळंतपणाला मात्र तिथे राहणार नाही. तोंड उघडायला लागलं की त्याच्या जवळची वार सुटू लागते आणि रक्त जातं. ते दुखत नाही, एकदम लाल, ताजं रक्त येतं, आणि पहिल्यांदा थोडं येऊन थांबलं तरी पुन्हा येऊ शकतं. शिवाय गर्भाशयाचा खालचा भाग वरच्याइतका घट्ट आवळत नाही, त्यामुळे वार तिथे असली तर बाळ झाल्यावरही जास्त रक्त जाऊ शकतं, नॉर्मल झालं तरी. तुम्ही ठरवलेलं प्रसूतिगृह चांगलं आहे, तिथल्या बाईंचा हात हलका आहे, सगळं मान्य. पण तिथे रक्तपेढी नाही, आणि माझा रक्तगट बी निगेटिव्ह. तो आयत्या वेळी शोधत बसायचा नाही. तिथून बांबोळी तासाभराच्या वर, पावसात रस्त्यात झाड पडलं तर विचारूच नका. आमच्या घरून बांबोळीचं गोमेकॉ हॉस्पिटल अगदी जवळ, आणि तिथे रक्तपेढी आहे, वेळेआधी झालेल्या बाळाचा विभागही आहे.

चवथीला घरी असताना किंवा कधीही रक्त दिसलं, अगदी डागभर, तरी ‘बघूया सकाळी’ म्हणायचं नाही. 108 ला फोन आणि थेट बांबोळी. आधी कोणा ओळखीच्या बाईला बोटाने तपासू द्यायचं नाही, कारण वार खाली असताना बोट लागलं तर रक्त आणखी सुटतं. कुणी तपासायला आलंच तर आधी रिपोर्ट दाखवायचा. निगेटिव्ह गट असल्यामुळे रक्त गेलं की 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शनही घ्यावं लागतं. रिपोर्टचा फोटो दादाच्या मोबाइलवर पाठवला आहे.

बाबा, पलंगाचं म्हणाल तर नुसतं पडून राहिल्याने काही फायदा होत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. मी ऑफिसला जाते, संध्याकाळी चालते. जड उचलत नाही. लोहाच्या गोळ्या घेते, कारण रक्त जाण्याची शक्यता असेल तर हिमोग्लोबिन आधीच चांगलं असलेलं बरं. बाकी पथ्यं डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितली आहेत, ती इथे लिहीत नाही.

तेव्हा आई, या वेळी माहेर तुम्हीच इकडे आणा. चवथ झाली की महिन्याभराने तू ये, बाबांनी शनिवार-रविवार यावं. लोकांना काय सांगायचं ते सांग, पहिलं बाळंतपण माहेरी हवं म्हणणाऱ्या आत्याला मी फोन करीन. आणि दादाचाही रक्तगट बी निगेटिव्ह आहे ना? कॉलेजात रक्तदान केलं होतं तेव्हाचं कार्ड शोधायला सांगा आणि दिवाळीच्या आसपास त्याने गोव्याबाहेर जाऊ नये.

तुमची,
बाय