एका रुपयाचे चार रुपये?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऐरोलीतल्या कंपनीच्या स्टाफ बसवरचा कालचा लेख वाचला. बसवर खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे चार रुपये परत येतात म्हणे! असा धंदा असता तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे सगळे कारखाने बंद करून मालकांनी बसगाड्याच घेतल्या असत्या.

त्या चारातला मोठा वाटा 'वाचलेल्या वेळे'चा आहे. लेखकाने वाचलेल्या तासांना पूर्ण पगाराच्या दराने गुणलं आहे. पण तो वेळ वाचला कुणाचा? बस आल्यामुळे माणूस घरातून चाळीस मिनिटं उशिरा निघाला, कामाचे तास होते तेवढेच राहिले. कंपनीला त्यातलं एक मिनिटही मिळालं नाही. हा फायदा खरा आहे, पण तो कर्मचाऱ्याचा, आणि वाहतुकीचे अभ्यासक अशा खासगी वेळेला पगाराच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतच किंमत देतात. ती कर्मचाऱ्यांच्या रकान्यात लिहावी. कंपनीला त्यातून काही मिळालंच, तर माणसं नोकरी सोडत नाहीत या रूपाने मिळतं. लेखात तेही वेगळं धरलंय, शिवाय 'समाधान' म्हणून आणखी एकदा. एकच फायदा तीनदा विकला!

रात्रपाळीच्या महिलांची सुरक्षितताही फायद्यात मोजली आहे. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहनही द्यावं लागतं. योजना असो वा नसो, ते करायचंच आहे. म्हणून त्याचा खर्च आणि फायदा दोन्ही हिशोबातून बाहेर ठेवायला हवेत.

हे तळमळून लिहितोय कारण रबाळ्याच्या एका कारखान्यात मी कॉस्टिंगला होतो आणि तिथला असाच एक हिशोब मीच मांडला होता. घोडबंदर आणि डोंबिवलीकडच्या 120 जणांसाठी तीन बस. वर्षाचं भाडं 32.4 लाख. प्रवासभत्ता बंद झाल्याने 14.4 लाख वाचणार, म्हणजे निव्वळ बोजा 18 लाख. बदली माणूस वेळेवर आला नाही की आधीच्या पाळीचा माणूस थांबवावा लागे, त्याला कायद्याने दुप्पट दराचा ओव्हरटाइम. गेटच्या रजिस्टरवरून यातले 6 लाख वाचतील असं दिसत होतं. उरले 12 लाख.

आता पंचाईत होती ती न दिसणाऱ्या फायद्यांची. त्यांना आकडा चिकटवण्याऐवजी मी प्रश्न उलटा विचारला: किती राजीनामे टळले तर हे 12 लाख भरून निघतील? नवा ऑपरेटर तयार करायला, त्याने सुरुवातीला बिघडवलेला माल धरून, 60 हजार लागत. म्हणजे वर्षाला 20 राजीनामे टळायला हवेत. आदल्या वर्षी या मार्गांवरच्या 34 जणांनी नोकरी सोडली होती आणि त्यातल्या 11 जणांनीच प्रवासाचं कारण दिलं होतं. ते अकराच्या अकरा थांबले असं उदारपणे धरलं तरी 6.6 लाख. तूट 5.4 लाख, म्हणजे माणशी महिना 375 रुपये. माणूस गाडीच्या दारात लटकून न येता बसून, धड अवस्थेत मशीनपाशी पोचावा यासाठी एवढे द्यायची तयारी आहे का, इतकंच साहेबांना विचारायचं होतं. ते 'हो'च म्हणाले असते असं मला आजही वाटतं.

पण एचआरच्या साहेबांना तूट दाखवायची लाज वाटली. त्यांनी शेवटी एक ओळ घातली: 'मनोबलवाढ: 15 लाख.' योजना टाळ्यांच्या गजरात मंजूर. पुढच्या वर्षी नवे डायरेक्टर आले आणि त्यांनी विचारलं, हे 15 लाख कुठल्या खात्यात जमा झाले? उत्तर कोण देणार? एका ओळीपायी सगळा कागदच खोटा ठरला, ओव्हरटाइमचे खरेखुरे वाचलेले पैसेही कुणी पाहिले नाहीत. तिन्ही बस बंद. फुगवणाऱ्या साहेबांना कंपनीची गाडी होतीच.

तेव्हा आपल्या लेखकांना एवढंच विचारा, की फक्त वहीत दिसणारे फायदे धरले तर त्या चार रुपयांतले किती उरतात? पुढच्या लेखात तो आकडा छापा.

आणि हो, या स्टाफ बस सकाळी टीएमटीच्या थांब्यावरच उभ्या करतात. आम्ही म्हातारी माणसं भर रस्त्यात जाऊन बस पकडतो. त्याची किंमत कुणाच्या रकान्यात लिहायची, तेही लेखकांनी सांगावं. याच विषयावर मागे पाठवलेलं माझं पत्र आपण छापलं नव्हतं.

आपला,
एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, कळवा