सर्दी झाल्यावर घेतलेली गोळी

महोदय,

नाक गळायला लागलं की लोक लगेच व्हिटॅमिन सी ची गोळी चघळायला लागतात, पण नेमकी तीच वेळ चुकीची असते. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा खात्रीशीर फायदा चाचण्यांमध्ये दिसलेला नाही. रोज, म्हणजे सर्दी नसतानाही घेतली तरी सर्वसामान्य माणसाला सर्दी व्हायची तेवढी होतेच, फक्त मोठ्यांमध्ये ती साधारण 8 टक्क्यांनी लवकर आटपते. म्हणजे 7 दिवसांची सर्दी असेल तर जेमतेम अर्धा दिवस वाचतो, आणि त्यासाठी वर्षभर गोळ्या खायच्या, हे मला तरी पटत नाही! मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात सर्दीचं प्रमाण जवळपास निम्मं झालेलं दिसलंय.

बाकी मोठ्या माणसाला दिवसाला 75 ते 90 मिलिग्रॅम पुरतं, सिगरेट ओढणाऱ्यांना थोडं जास्त लागतं, आणि रोजच्या फळं-भाज्यांतून ते सहज मिळतं. 1000 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर त्यातलं बरंचसं शरीर शोषतच नाही, आणि जे जास्तीचं शोषलं जातं ते लघवीवाटे निघून जातं. 2000 च्या वर गेलात तर पोट बिघडतं, आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मोठे डोस घेऊच नयेत.

– एक वाचक