तारीख नसलेली नोंद

रत्नागिरी,
१४ जून

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

उत्तरपत्रिका तपासताना एक वाद उभा राहिला आहे आणि तो तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, म्हणून रात्री लिहायला बसलो आहे. घरी सर्व क्षेम आहे. पाऊस सुरू झाल्यामुळे आईचे गुडघे दुखतात, भाऊकाकांचा खोकला आहे तसाच आहे.

आमच्या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पेपरात कार्यमूल्यमापनावर पाच गुणांचा एक प्रसंग दिला होता. आंब्याचा पल्प तयार करणाऱ्या एका कारखान्यातील पर्यवेक्षिकेचे एप्रिल ते मार्च या वर्षाचे मूल्यमापन व्यवस्थापकाने मार्चअखेर केले. फेब्रुवारी-मार्चमध्ये निर्यातीच्या तपासणीसाठी लागणारी सर्व कागदपत्रे तिने उत्तम रीतीने तयार केली होती आणि तपासणी निर्विघ्न पार पडली होती. व्यवस्थापकाने कामाचा दर्जा, उत्पादन, वक्तशीरपणा, सहकाऱ्यांशी वागणूक आणि सुरक्षितता या पाचही निकषांवर तिला पाचपैकी पाच गुण दिले. हंगामात ती वारंवार उशिरा आल्याचे हजेरीपुस्तक सांगते आणि यंत्राचे संरक्षक झाकण न लावता काम चालू ठेवल्याची एक नोंद सुरक्षा नोंदवहीत आहे. मूल्यमापनातील दोष ओळखा आणि उपाय सुचवा, असा प्रश्न होता. नमुना उत्तरात ‘हॅलो इफेक्ट’ एवढेच लिहिले आहे, आणि ‘रीसेन्सी इफेक्ट’ लिहिणाऱ्यांना शून्य गुण द्यावेत अशी सूचना आहे.

हे मला मान्य नाही. एका गुणाची छाप त्याच माणसाच्या इतर सर्व गुणांवर पडते तेव्हा हॅलो इफेक्ट होतो, आणि वर्षाच्या शेवटच्या काही आठवड्यांची छाप आधीच्या महिन्यांवर पडते तेव्हा रीसेन्सी इफेक्ट होतो. पहिला दोष निकषांच्या रकान्यांत पसरतो, दुसरा काळात पसरतो. त्यामुळे दोन्ही एकाच तक्त्यात सुखाने नांदू शकतात. या प्रसंगात तर रीसेन्सीला आपल्या कोकणाचीच साथ आहे. कॅनिंगचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांतला आणि मूल्यमापन मार्चअखेरचे, म्हणजे कारखान्याचे खरे काम ज्या आठवड्यांत झाले ते अर्ज भरताना जवळजवळ वर्षभर जुने झालेले असते. व्यवस्थापकाला हंगामातला उशीर आठवला नाही आणि फेब्रुवारी-मार्चमधली वेळेवरची हजेरी आठवली, असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर वक्तशीरपणाच्या पाच गुणांचे ते पूर्णतः समाधानकारक कारण आहे.

आता त्या झाकणाच्या नोंदीकडे पाहा. सगळा निकाल तिच्यावर अवलंबून आहे आणि प्रश्नात तिची तारीख दिलेली नाही. ती नोंद मे महिन्यातली असेल, तर व्यवस्थापक ती विसरला असेल आणि रीसेन्सीने काम भागते. तीच नोंद मार्चमधली असेल, तर रीसेन्सीमुळे सुरक्षिततेचे गुण कमी व्हायला हवे होते, कारण सर्वांत ताजी घटनाच वाईट होती; तरीही पाच गुण मिळाले असतील, तर ते तपासणीच्या यशाची छाप सुरक्षिततेच्या रकान्यावर पडल्यामुळेच मिळाले, असे म्हणावे लागते. दोन दोष वेगळे ओळखण्याची याहून साधी कसोटी मला ठाऊक नाही: ज्या निकषाचा अगदी अलीकडचा पुरावा गुणांच्या विरुद्ध जातो, तो निकष शोधायचा. प्रश्नकर्त्याने ‘मार्चमध्ये’ हा एक शब्द घातला असता, तर निदान त्या रकान्यापुरते नमुना उत्तर बरोबर ठरले असते.

इथे तुझा आवाज मला ऐकू येतो आहे की पाचही रकान्यांत पाच म्हणजे हॅलोच, आणखी पुरावा कशाला. दाते सरांच्या वर्गाबाहेर आपण यावरून इतके भांडलो होतो की शिपायाने दोघांना जिन्यावरून खाली पिटाळले होते. माझे मत अजून तेच आहे. थॉर्नडाइकने १९२० साली सैन्यातील अधिकाऱ्यांची त्यांच्या वरिष्ठांनी केलेली मूल्यमापने पाहिली, तेव्हा वेगवेगळ्या गुणांमधले सहसंबंध त्याला प्रमाणाबाहेर जास्त आणि प्रमाणाबाहेर सारखे आढळले, आणि त्यावरून त्याने हा दोष मांडला. परंतु काही गुण माणसात खरोखरच जोडीने असतात; जो वेळेवर येतो त्याचे उत्पादनही बहुधा चांगले असते. म्हणून सारखे गुण दिसले की संशय घ्यावा, मात्र दोष सिद्ध करण्यासाठी एखाद्या रकान्याशी विसंगत असलेली बाहेरची नोंद हवीच.

उपायांच्या भागाने मला अधिक अस्वस्थ केले. बहुतेक मुलांनी प्रत्येक दोषावर ‘सक्तीचे वितरण’ हेच औषध लिहिले आहे. ठरावीक टक्के कर्मचारी वरच्या गटात आणि ठरावीक टक्के खालच्या गटात बसवल्याने सर्वांनाच सढळ हाताने गुण देणारा व्यवस्थापक आवरला जातो; पण ज्या पर्यवेक्षिकेवर छाप पडली आहे, ती त्या वाटणीतही वरच्याच गटात जाऊन बसेल. रीसेन्सीवर खरा उपाय म्हणजे फ्लॅनगनने १९५४ साली मांडलेली निर्णायक घटनांची पद्धत. व्यवस्थापकाने वर्षभर घटना घडतील तशा, चांगल्या आणि वाईट दोन्ही, तारखेसह लिहून ठेवायच्या. तीच वही मार्चमध्ये एका बैठकीत भरली, तर ती आठवणीतूनच भरली जाते आणि दोष जिथल्या तिथे राहतो. नोंदींच्या तारखा शेवटच्या महिन्यात दाटलेल्या दिसल्या की ते कळते. हॅलोसाठी उपाय निराळा आहे. एका कर्मचाऱ्याचे पाचही रकाने सलग न भरता आधी सर्व कर्मचाऱ्यांची सुरक्षितता, मग सर्वांचा वक्तशीरपणा, अशा क्रमाने गुण द्यायचे. मी उत्तरपत्रिकाही याच रीतीने तपासतो, आधी सगळ्यांचा दुसरा प्रश्न आणि मग सगळ्यांचा तिसरा. वेळ जास्त जातो, पण पहिल्या सुंदर उत्तराचा फायदा पुढच्या पोकळ उत्तराला मिळत नाही.

एका मुलीने लिहिले आहे की सुरक्षा नोंदवहीतील तारीख पाहिल्याशिवाय वक्तशीरपणासाठी रीसेन्सी आणि सुरक्षिततेसाठी हॅलो, असे विभागून सांगता येणार नाही. नमुना उत्तराप्रमाणे तिला शून्य द्यायचे आहे. मी तिला पाचपैकी पाच दिले आहेत आणि उत्तरपत्रिका नियमनासाठी पाठवताना सोबत टिपण जोडले आहे की कारण दिलेले असल्यास दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. प्रश्न काढणारे सहकारी ज्येष्ठ आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरीही सोमवारच्या बैठकीत मी यावर माघार घेणार नाही.

तुझ्याकडून एक हवे आहे. तुमच्या कारखान्यातील मूल्यमापनाचा कोरा अर्ज गुप्ततेला बाधा येत नसेल तर रविवारपर्यंत पाठव. प्रत्येक निकषापुढे घटना आणि तिची तारीख लिहिण्याची जागा त्यात आहे का, हे मला पाहायचे आहे. तशी जागा असल्यास तो अर्ज बैठकीत दाखवता येईल. तुमच्याकडे वर्षाच्या मध्याला आढावा घेतात असे तू म्हणाला होतास, त्याची नोंद मार्चच्या अर्जात येते की वेगळीच राहते, तेही कळव.

सईचा दहावीचा निकाल कळला, तिचे अभिनंदन. नव्या घराचे काम पुरे झाले असेलच. वहिनींना नमस्कार सांग, आणि या वेळी तरी गणपतीला दोन दिवस आधी ये.

तुझा,
अविनाश