14.4 की 12.2? सेबीच्या अध्यक्षांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सेबी, मुंबई

स. न. वि. वि.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब लिहितो. माझ्या वहिनी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा करतात. त्यातून महिन्याला 5,000 रुपये बाजूला काढून त्यांनी जानेवारी 2020 पासून एका म्युच्युअल फंडात एसआयपी चालवली. डिसेंबर 2024 पर्यंत 60 हप्ते गेले, म्हणजे 3 लाख. 10 जानेवारी 2025 ला त्यांची किंमत 4,08,000 होती. इथपर्यंत सगळे चोख.

गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर त्यांचा एजंट एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन आला. वहिनींचेच आकडे घालून ते छापले होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: वार्षिक परतावा 14.4 टक्के. हप्ता दहा हजार करा, हा त्यामागचा आग्रह. त्याच आठवड्यात विमा विकणारे एक ओळखीचे गृहस्थ आले. त्यांनी तेच पत्रक हातात घेतले, मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाले, "वहिनी, हे तर वर्षाला 7.2 च पडतंय. त्यापेक्षा आमची पॉलिसी बघा." वहिनींनी पत्रक माझ्यापुढे टाकले. "भावजी, पैसे माझे एकच आहेत ना? मग टक्के दोन कसे?"

दोघांचीही गणिते मी पाहिली. दोघांचा पाया एकच आहे: 3 लाखांवर 1,08,000 नफा, म्हणजे 36 टक्के. विमावाल्याने त्याला 5 ने भागले. त्याने असे धरले की सगळे 3 लाख पहिल्याच दिवशी भरले होते. प्रत्यक्षात पहिला हप्ता पाच वर्षे राहिला आणि शेवटचा जेमतेम एक महिना. एजंटाला हे ठाऊक होते, म्हणून त्याने सरासरी अडीच वर्षे धरून 36 ला अडीचने भागले. ही चलाखी जास्त सभ्य दिसते, कारण सरासरी मुदत खरोखरच अडीच वर्षांच्या आसपास आहे. खोट आहे ती पुढे. असा भागाकार सरळव्याजाचा दर देतो, आणि पत्रक त्या दराची तुलना बँकेच्या ठेवीच्या चक्रवाढ दराशी करते.

हे ताडून बघायला फार शिकलेले असावे लागत नाही. दर खरा असेल, तर प्रत्येक हप्ता आपापल्या तारखेपासून त्या दराने वाढवल्यावर बेरीज 4,08,000 आली पाहिजे. 14.4 ने पहिल्या हप्त्याचे पाच वर्षांत सुमारे 9,800 होतात, शेवटच्याचे महिन्याभरात 5,056. अशा साठही ओळी मांडल्या की बेरीज येते सुमारे 4,30,000. वहिनींच्या खात्यात त्यापेक्षा 22,000 कमी आहेत. दर उतरवत नेला की 12.2 टक्क्यांच्या जवळ बेरीज जुळते. हाच त्यांच्या पैशाचा खरा वार्षिक दर. विमावाल्याचा 7.2 जितका खोटा, तितकाच एजंटाचा 14.4.

कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये हेच काम एका सूत्रात होते. दुसऱ्या ओळीपासून पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा. हप्ते उणे 5000, आणि शेवटच्या ओळीत 10 जानेवारी 2025 समोर अधिक 408000.

```
=XIRR(B2:B62,A2:A62)
```

आता माझी फजिती सांगतो, कारण इतरांचीही होईल. मी तारखा आपल्या पद्धतीने 10/01/2020 अशा भरल्या आणि उत्तर आले `#VALUE!`. बराच वेळ डोके खाजवल्यावर दिसले की बाकी सगळ्या तारखा कप्प्यात उजवीकडे चिकटल्या आहेत आणि 13/04/2020 व 13/09/2021 या दोनच डावीकडे. 10 एप्रिल 2020 ला गुड फ्रायडे होता आणि 10 सप्टेंबर 2021 ला गणेश चतुर्थी, दोन्हींच्या पुढे शनिवार-रविवार, म्हणून ते हप्ते सोमवारी 13 ला गेले होते. कारखान्याचे मशीन अमेरिकन पद्धतीवर होते. ते महिना आधी वाचते, आणि तेरावा महिना नसल्यामुळे त्या दोन तारखा त्याने नुसती अक्षरे म्हणून ठेवून दिल्या. बाकीच्या मात्र निमूट गिळल्या: 10 जानेवारीचा 1 ऑक्टोबर केला, 10 फेब्रुवारीचा 2 ऑक्टोबर. वर्षाचे बहुतेक हप्ते ऑक्टोबरात! त्या दोन सुट्ट्या आडव्या आल्या नसत्या, तर साडेदहाच्या आसपासचा आकडा मुकाट्याने आला असता आणि तो मी वहिनींना छातीठोकपणे सांगितला असता. तारखा 10-Jan-2020 अशा लिहिल्यावर उत्तर 12.2 आले.

हप्ता दोन-चार दिवस पुढे सरकला तर फरक दुसऱ्या दशांशात पडतो, त्यावर मी वाद घालणार नाही. शेवटच्या किमतीची तारीख मात्र मोठी आहे. वहिनींच्या पत्रकात ती छापलेलीच नव्हती. तेच 4,08,000 जानेवारीऐवजी शेवटच्या हप्त्याच्या दिवशीचे, 10 डिसेंबरचे, म्हणून दाखवले तर दर 12.2 वरून 12.6 वर जातो. एक पैसा न वाढता. म्हणून किंमत आणि तिची तारीख दोन्ही फंडाच्या विवरणातूनच उचलावीत.

त्या विवरणात आणखी एक बारीक गोष्ट दिसेल. जून 2020 पर्यंत हप्ता 5,000.00 असा आहे आणि जुलैपासून 4,999.75. त्या महिन्यापासून युनिट देताना 0.005 टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते, ते हे चार आणे. दर काढताना मी 5,000 च धरतो. वहिनींच्या बँकेतून तेवढेच गेले आहेत.

स्कोअर्स या आपल्या तक्रार पोर्टलवर तक्रार का केली नाही, असे आपण विचाराल. तक्रार कशाची करू? पैसे जागेवर आहेत, फंडाने काही लपवलेले नाही, 12.2 हा दरही वाईट नाही. हमखास परताव्याचे आश्वासन द्यायचे नाही हा आपला नियम आहे, आणि एजंटाने आश्वासन दिलेले नाही. त्याने फक्त घडून गेलेल्या गोष्टीचा दर फुगवून छापला आणि त्याच्या जोरावर हप्ता दुप्पट करायला सांगितले.

माझी मागणी छोटी आहे. एसआयपीचा वार्षिक परतावा ज्या कागदावर छापला असेल, मग तो फंडाचा असो की गल्लीतल्या एजंटाचा, त्यावर चार गोष्टी सक्तीच्या करा: पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख, भरलेल्या हप्त्यांची संख्या, अंतिम किंमत कोणत्या दिवसाची आहे ते, आणि दर तारखांवरून काढला आहे की भागाकाराने. हे लोकांच्या रोजच्या भाषेत लिहा. आमच्याकडे मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही चालतात.

वहिनींनी हप्ता वाढवलेला नाही आणि पॉलिसीही घेतलेली नाही. एजंटाला त्यांनी माझा साठ ओळींचा कागद दाखवला. त्याने तो मोबाइलवर टिपून घेतला आणि ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर