बारा सेकंद म्हणजे बारा किलोमीटर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातलं मुलांचं पान नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत जितके सेकंद मोजाल, तितके किलोमीटर वादळ लांब, असं तिथं ठळक चौकटीत छापलं आहे. शेजारी चित्रात झाडाखाली उभा राहून घड्याळ बघणारा मुलगा. चित्रकारांना आणखी काही सुचलं नसेल तर हरकत नाही, पण विजेच्या पावसात झाडाखाली?

नातीला म्हटलं, बाई, यातली पहिली ओळ आधी तीननं भाग. आवाजाला एक किलोमीटर यायला आपल्या एप्रिल-मे महिन्यातल्या हवेत जवळपास तीन सेकंद लागतात. सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर, थंडीत थोडा कमी. प्रकाश लगेच पोचतो, त्याचा हिशेब धरायची गरज नाही. म्हणजे बारा सेकंद झाले तर चार किलोमीटर. तुमच्या चौकटीप्रमाणे बारा. मला हे पाठ आहे, कारण या गणिताचे पैसे मी भरलेले आहेत.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल. वसमत तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावर शिजवलेली हळद वाळत घातली होती. सात-आठ दिवसांची उन्हं खाऊन ती आतून चांगली वाळत आली होती, अजून तेवढीच उन्हं हवी होती. दुपारी चारच्या सुमारास नैऋत्येला काळं दाटून आलं. सुट्टीला आलेले आमचे जावईबापू ओट्यावर चहा घेत होते. वीज चमकली, त्यांनी मोबाइलमधलं सेकंदाचं घड्याळ चालू केलं आणि गडगडाट होताच बंद केलं. बारा पूर्णांक चार. "मामा, साडेबारा किलोमीटर लांब आहे. ढग अर्ध्या तासाच्या आत काही येत नाही. निवांत गोळा करू."

आता जावयाला खोटं कोण पाडणार? आणि खरं सांगतो, तेव्हा मलाही नेमकं ठाऊक नव्हतं. मी ताडपत्र्या काढल्या, पण घाई केली नाही. एका बाजूनं हळद ओढत ढीग घालायचा, मग झाकायचं, असं चाललं होतं. तासाला तीस किलोमीटर वेगानं येणाऱ्या वादळाला साडेबारा किलोमीटर कापायला पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे जावईबापूंचा अर्ध्या तासाचा हिशेब जवळपास बरोबर होता. पण खरं अंतर होतं सव्वाचार किलोमीटर. त्याला लागतात आठ-नऊ मिनिटं. आणि पुढे पळणारा गार वारा तर त्याआधीच येतो, तो ताडपत्रीखाली शिरला की दोन माणसांना आवरत नाही. अर्ध्या खळ्यावर ताडपत्री, अर्ध्यावर पाऊस. दशांशापर्यंत अचूक मोजलं आणि तिपटीनं चुकलं.

भिजलेली हळद काळवंडली. व्यापाऱ्यानं हातात घेऊन मोडली, वास घेतला आणि काही बोलला नाही. ते न बोलणं पुढं भावात दिसलं.

पण हळदीपुरतं असतं तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. पुढची वीज बांधावरच्या बाभळीवर पडली. आम्ही तिथून शंभर-दीडशे पावलांवर होतो. उजेड आणि आवाज एकदमच, मोजायला काही उरलंच नाही. बाभळीची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. गडी तिकडच्या पत्र्याच्या शेडकडे धावला, मी त्याला ओढून जावईबापूंच्या गाडीत बसवलं, काचा वर करून. चारी बाजूंनी उघडी शेड विजेच्या बाबतीत झाडापेक्षा फारशी बरी नसते, बंद गाडी बरी. त्या दिवशी जावईबापूंचा मोठा उपयोग झाला तो एवढाच.

त्यानंतर हे सगळं मी नीट समजून घेतलं. सेकंद मोजून जे अंतर कळतं, ते झाली ती वीज कुठं होती याचं, वादळ कुठं आहे याचं नव्हे. त्यातही विजेच्या वाटेचा आपल्याला सर्वांत जवळचा भाग आधी ऐकू येतो. वीज काही किलोमीटर लांब असते, लांबचा भाग मागाहून पोचतो, म्हणून तो आवाज गडगडत राहतो. पुढची वीज मागच्या ठिकाणी पडेल असा नियम नाही. ढगाच्या पुढच्या बाजूला ती दहा किलोमीटरवरही उतरू शकते, जिथं अजून पाऊसही नसतो. म्हणून मोजणी तीस सेकंदांच्या आत आली, म्हणजे दहा किलोमीटर, की उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, असा जुना ठोकताळा आहे. आता तर गडगडाट कानावर आला की मोजत न बसता आत जा, असंच सांगतात. तुमच्या चौकटीप्रमाणे पंचवीस सेकंद मोजणारं पोर स्वतःला पंचवीस किलोमीटर लांब समजेल. ते खरं तर आठ किलोमीटरवर असेल.

तुमची चौकट खोटी आहे हे पडताळायला वसमतला यायला नको. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरच्या पुढे क्वचितच ऐकू येतो, कारण वरची हवा गार असल्यानं आवाज वळून वर निघून जातो. तुमच्या मापानं मोजलं तर चाळीस सेकंदांनी ऐकू आलेला आवाज चाळीस किलोमीटरवरचा व्हायचा. मग परभणीची वीज वसमतला ऐकू आली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. विजा एकामागून एक चमकायला लागल्या की कुठला गडगडाट कुठल्या विजेचा, हेच कळत नाही. घाबरलेला माणूस मोजतोही भरभर, दहाच्या जागी चौदा होतात. मन लावून मोजायचं तर "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणत, तेही घरात खिडकीपासून दूर बसून. आणि दोन-तीनदा मोजावं. आकडा सारखा घटत चालला की ते आपल्याकडे येतंय, एवढं तर चुकीच्या मापानंही कळलं असतं. आमच्या जावईबापूंनी एकदाच मोजलं.

ते हे कुठं शिकले, असं मी नंतर विचारलं होतं. "पेपरात वाचलं होतं, मामा." कुठल्या, ते विचारलं नाही.

तेव्हा दुरुस्ती छापा, आणि जिथं चूक छापली तिथंच, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा. आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात नको. चित्रातल्या मुलाला घरात घ्या. आणि पत्र लिहितोच आहे तर सांगून टाकतो, तुमच्या पानावरचे हळदीचे भाव कालचे नसून परवाचे असतात. मी दोन आठवडे पडताळून पाहिलं. ते तरी वेळेवर छापा.

माझं नाव छापू नये. जावईबापू तुमचंच वर्तमानपत्र वाचतात.

आपला,
एक हळद उत्पादक, वसमत तालुका