डेटा उडवला, फोटो तिथेच!

संपादक महोदय,

फोन हँग व्हायला लागला की ‘कॅशे साफ करा, डेटा उडवा’ हा सल्ला जो तो देतो. त्यातून नेमकं काय जातं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हा घोळ रोज पाहतो.

मध्यंतरी एक गृहस्थ आले. इन्स्टाग्रामवर टाकलेला एक घरगुती फोटो त्यांना काढून टाकायचा होता. सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी Clear cache दाबलं होतं. ॲप उघडल्यावर चित्रांच्या जागी क्षणभर राखाडी चौकोन दिसले, म्हणून त्यांना हायसं वाटलं. नेट लागताच सगळे फोटो पुन्हा हजर! मग चिडून त्यांनी Clear storage दाबलं. आता ॲप पासवर्ड मागू लागलं, तेव्हा खातंच गेलं असं त्यांनी धरलं. इकडे त्यांच्या भाचीच्या फोनवर तो फोटो जसाच्या तसा दिसत होता.

कारण फोटो मुळात कंपनीच्या सर्व्हरवर असतो. कॅशे म्हणजे तो पटकन दिसावा म्हणून फोनने ठेवलेली तात्पुरती प्रत. ती पुसली तर फोनमध्ये जागा होते, बाकी काही बिघडत नाही. Clear storage मात्र लॉगिन, ॲपमधली सेटिंग्ज आणि फोनवरच ठेवलेले रीलचे ड्राफ्टही नेतं. या गृहस्थांचे दोन-चार अर्धवट रील असेच गेले आणि ते परत आणायला मार्ग नव्हता. नको होतं ते राहिलं, हवं होतं ते गेलं.

फोटो जगासमोरून हटवायचा तर ॲपमध्ये त्या पोस्टवरचे तीन ठिपके दाबून डिलीटच करावं लागतं. तरीही तो Recently deleted मध्ये ३० दिवस पडून राहतो; लगेच घालवायचा असेल तर तिथूनही काढायचा. खात्री दुसऱ्याच्या फोनवरून करावी, आपल्या नव्हे. आणि कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल, तर त्याला आपल्याकडचं कुठलंच बटण पुरत नाही. उलट बाजूही आहेच: पोस्ट डिलीट केली तरी गॅलरीतला मूळ फोटो तसाच राहतो आणि जागा अडवतो.

हाच हिशेब व्हॉट्सॲपला लावला तर पंचाईत होते. तिथे एकदा पोहोचलेले मेसेज कंपनी सर्व्हरवर ठेवत नाही. ते आपल्या फोनमध्येच असतात. त्यामुळे अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचं Clear storage दाबलं की ॲपमधल्या गप्पा जातात, समोरच्याकडे मात्र राहतात. परत आणायच्या तर बॅकअपवरच भिस्त. म्हणून ते बटण दाबण्याआधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Chats, मग Chat backup उघडून शेवटच्या बॅकअपची तारीख बघावी. ती मागच्या वर्षीची निघाली, तर आधी नवा बॅकअप घ्यावा.

– एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, सातारा