आवाज कुठे गेला?

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई नीट पोचल्याचा फोन झाला, बरं वाटलं. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसले. बाबा, गुडघ्यामुळे तुम्ही मे महिन्यात आमच्याबरोबर भोपाळला येऊ शकला नाहीत, तेव्हा नाशिक रोडपासूनचा तो सगळा दिवस तुम्हाला सांगायचा राहिला आहे. आणि आई, तुला वाटत होतं मी वरच्या बर्थवर झोपले आहे. मी झोपले नव्हते. स्लीपरच्या डब्यात, मे महिन्यात, वरच्या बर्थवर कोण झोपेल? छताचा पत्रा नुसता तापला होता. मी डोळे मिटून तुमचं ऐकत पडले होते.

ओढा स्टेशन गेलं नाही तोच चिऊचं सुरू झालं. हातात बेदाण्यांची पुडी, बाहेर खरड छाटणी झालेल्या बागा. "आजी, द्राक्षातल्या बिया कुठे गेल्या?" आई निफाडची, तिला काय! ती म्हणाली, "बी धरतं गं, पण इवलंसं असतानाच वाढायचं थांबतं. म्हणून ते दाताला लागत नाही." "मग नवीन झाड कशातून येतं?" "काडी लावायची." इतकं बोलून होईपर्यंत पोरगी तिसरीकडेच. मुंगी रुळावर बसली तर भाजेल का? गार्डकाकांना झोप आली तर? आबांचा गुडघा दुखतो तर ते दुसऱ्या गुडघ्यावर का चालत नाहीत? (याचं उत्तर आईने दिलं नाही. हसत सुटली.)

लासलगावच्या अलीकडे गाडी उगीचच अर्धा तास उभी राहिली. कांद्याचा वास, वारा नाही, पंखा फिरतोय पण नुसता आवाजाला. चिऊ खिडकीच्या सळ्यांना नाक लावून खाली बघत होती. "आजी, रुळाखाली एवढे दगड कशाला टाकलेत?"

"पाणी निचरावं, गवत वाढू नये म्हणून."

"मग टोकदार का? नदीतले गोटे किती छान असतात!"

आई दोन मिनिटं गप्प. मग तिने पर्समधून खोकल्यासाठी ठेवलेली खडीसाखर काढली, चिऊच्या तळहातावर ढीग केला आणि वर तिचीच पेन्सिल आडवी ठेवली. "हलव हात." पेन्सिल जागची हलली नाही. मग ती म्हणाली, "आता घरी गेलीस की गोट्यांवर ठेवून बघ." बाबा, मी वर पडल्यापडल्या ओठ चावत होते. इतकी वर्षं रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या पर्मनंट वे खात्यात तुम्ही होतात आणि खडी समजावून सांगत होती आई.

मनमाडच्या यार्डात शिरताना गाडी खडखडली, सांधे बदलताना खडखडते तशी. आई सहज म्हणाली, "अशी बोलायची बघ पूर्वी गाडी. सारखी. खटक-खटक, खटक-खटक. आमचं लग्न झालं तेव्हा रात्रभर त्या तालावर झोप लागायची." यार्ड संपलं, खडखड थांबली, आणि चिऊने विचारलं, "मग आता का बोलत नाही? तो आवाज कुठे गेला?"

द्राक्षाच्या बिया कुठे गेल्या आणि आवाज कुठे गेला. तिच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे प्रश्न असावेत.

आईला हे उत्तर ठाऊक नव्हतं. "आबांना विचारू," ती म्हणाली आणि पुस्तकातल्या खुणेच्या कागदावर खरंच लिहूनही घेतलं. ते बरं केलंस आई. मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

आता गंमत पुढे आहे. चाळीसगाव गेल्यावर डबा उघडला तर लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण फिरेना. समोरच्या काकांनी रुमाल लावून जोर काढला, नाही. तेवढ्यात चहावाला आला. आईने एक कडक चहा घेतला, बरणी उलटी धरली आणि झाकण सरळ त्या चहात बुडवलं! चिऊ "आजी, चहा!" म्हणून ओरडली. अर्ध्या मिनिटाने पुसलं, फिरवलं, टक्क करून सुटलं. "तापलं की पत्रा पसरतो," आई म्हणाली, "काचेपेक्षा जास्त पसरतो, म्हणून सैल होतो." दहा रुपयांचा चहा कैरीच्या नावाने गेला, पण चिऊच्या डोक्यात काहीतरी हललं. ती बराच वेळ एक शब्द बोलली नाही. मग बाहेर बोट दाखवून म्हणाली, "आजी, मग ते रूळ पण पसरत असतील."

मी उठून बसले. डोकं छताला आपटलं ते वेगळं.

बाबा, त्या रात्री भोपाळला पोचल्यावर (गाडी दोन तास उशिरा, ते जाऊ दे) झोपताना मी तिला जे सांगितलं ते इथे लिहिते. लहानपणी नांदगावच्या क्वार्टरमागे तुम्ही दाखवलेलं जेवढं आठवलं तेवढंच आहे. चुकलं असेल तिथे लाल पेन चालवा.

मी तिला म्हटलं, पूर्वीचे रूळ तेरा-तेरा मीटरचे तुकडे होते. दोन तुकडे फिशप्लेटने आणि बोल्टांनी जोडायचे आणि मध्ये थोडी फट ठेवायची, कारण उन्हात रूळ लांबतो. तेरा मीटरचा रूळ 30 अंशांनी तापला तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे फट करंगळीच्या नखाएवढी असली तरी पुरते. चाक त्या फटीवरून गेलं की खटक. डब्याच्या प्रत्येक टोकाला दोन चाकजोड्या, म्हणून खटक-खटक. आजीची अंगाई म्हणजे त्या फटी होत्या.

पुढे रूळ वितळवून एकमेकांना जोडले, फटी बुजल्या, आवाज गेला. मग चिऊने नेमकं तेच विचारलं जे मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्हाला विचारलं होतं: "फटच नाही तर तापल्यावर रूळ जातो कुठे?" एक किलोमीटरचा रूळ 30 अंशांनी तापला तर मोकळा सोडल्यास 35 सेंटीमीटर लांबेल, आजीच्या दीड वितीएवढा. पण त्याला मोकळा सोडतच नाहीत. क्लिपांनी रुळाखालच्या आडव्या स्लीपरला जखडतात, आणि स्लीपर खडीत रुतलेला. टोकदार दगड एकमेकांत अडकून बसतात, खडीसाखरेसारखे, आणि स्लीपरला ना पुढे सरकू देत ना बाजूला. मग लांबायची इच्छा रुळाच्या आत दाब होऊन राहते. फक्त दोन्ही टोकांचे शंभरेक मीटर थोडेफार हलतात आणि तिथे त्यासाठी खास सांधा असतो.

म्हणजे बघा, लासलगावचा प्रश्न, मनमाडचा प्रश्न आणि लोणच्याचं झाकण, तिन्हींचं उत्तर एकच निघालं. आम्ही दिवसभर म्हणत होतो, ही पोरगी कशाचा कशाला मेळ नसलेलं विचारते.

अजून एक. पाचोऱ्याच्या पुढे भर उन्हात रुळाच्या कडेने नारिंगी जाकिटातला एकटा माणूस खांद्यावर हातोडा घेऊन चालला होता. आई म्हणाली, "तो चावीवाला. तुझ्या आबांच्या हाताखाली असे खूप जण होते." चिऊने साहजिकच विचारलं, कुलूप कुठे आहे? ते मी सांगितलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं आहे. पूर्वी रुळाला पकडणारी पोलादी पाचर म्हणजे चावी, हे तुमच्या तोंडून ऐकू दे. मी फक्त इतकंच म्हटलं की उन्हाळ्यात हवा 45 अंशांवर असली तर रूळ साठीच्या वर जातो, आणि तेव्हा अशी माणसं दुपारची मुद्दाम फिरतात. कडेची खडी ढासळली असेल किंवा स्लीपरखाली पोकळी झाली असेल तर तो कोंडलेला दाब तिथे बाहेर पडतो आणि सरळ रूळ सापासारखा बाजूला फुगतो. तुम्ही गुडघ्यावर वाकून, एक डोळा मिटून रुळाच्या कडेवरून लांबवर बघायचात, ते मी तिला गॅलरीच्या कठड्यावर करून दाखवलं. आणि थंडीत उलटं, रूळ आखडू बघतो, ओढला जातो, म्हणून पहाटे तडकायची भीती. म्हणून तर तो ना कडक उन्हात जखडायचा, ना कडाक्याच्या थंडीत, मधलं तापमान साधून. हे बरोबर आहे ना?

तिने विचारलं, "आबांचा गुडघा त्यामुळे दुखतो का? वाकून वाकून?" मी म्हटलं, आबांनाच लिहून विचार. तेव्हा सोबतचा चिठोरा तिचा आहे. उत्तर पोस्टकार्डावर, तिच्या नावाने पाठवा. स्वतःच्या नावाचं टपाल तिला आजवर आलेलं नाही.

आता आई, तुझ्यासाठी.

नर्मदेचा पूल अंधारात आला. डबाभर लोकांनी हात जोडले, तू चिऊच्या हातून नाणं टाकलंस. पाण्याचा आवाज मागे पडला आणि तिने विचारलं, "आजी, तू लहान होतीस तेव्हा तुझं नाव काय होतं?" म्हणजे तिला म्हणायचं होतं, तेव्हाही तुला आजीच म्हणायचे का. पण तू वेगळंच ऐकलंस. तू थोडं थांबलीस आणि माहेरचं नाव सांगितलंस. मी त्रेचाळीस वर्षांची झाले, कागदपत्रांवर ते नाव वाचलं आहे, पण तुझ्या तोंडून त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. "मग कुठे गेलं ते?" पुन्हा तोच प्रश्न. तू म्हणालीस, "तुझ्या आबांनी तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं लिहिलं." "आबांना पहिलं आवडलं नव्हतं?" "कुणी विचारलंच नाही गं, मलाही नाही."

बाबा, हा आरोप नाही. तेव्हाची रीतच तशी होती. पण या प्रश्नाचं उत्तर चिठोऱ्यावर नाही, तरी द्यावंसं वाटलं तर द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. चिऊ आली, शेजारी मांडी घालून बसली आणि बोटाने ताटात ते जुनं नाव लिहिलं. वेलांटी उलटी, पण वाचता येत होतं. आई, तू ताट हलवलं नाहीस. त्या दिवशी आमच्याकडे भात अडीच वाजता झाला.

तुमची,
ताई

ता. क. बेदाणे संपले. आईकडे अजून असतील तर पोस्टकार्डाबरोबर नको, कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवा.